एका दुकानातला शॉर्ट आणि संपूर्ण संकुलाचा अंधार : ब्रेकरच्या समन्वयाचा माझा अनुभव

जळगावातील एका चार मजली व्यापारी संकुलाच्या विद्युत व्यवस्थेची देखभाल माझ्याकडे आहे. संकुलाला ११ किलोव्होल्टचा उच्चदाब पुरवठा असून आवारात ६३० केव्हीएचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या पुढे १००० अँपिअरचा एसीबी हा मुख्य ब्रेकर, तेथून प्रत्येक मजल्यासाठी २५० अँपिअरचा एमसीसीबी हा मधला ब्रेकर आणि मजल्यावरच्या पॅनेलमधून प्रत्येक दुकानासाठी ६३ अँपिअरचा एमसीबी हा छोटा ब्रेकर अशी तीन पायऱ्यांची रचना आहे. गेल्या उन्हाळ्यात या रचनेतला दोष उघडा पडला. तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या दुकानात शॉर्ट सर्किट झाले की त्या दुकानाचा एमसीबी पडे, पण त्याच क्षणी तळमजल्यावरचा एसीबीही पडे आणि बँक, पॅथॉलॉजी लॅब, शिकवणीवर्ग, लिफ्ट असे सगळेच बंद होई.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि सगळ्या दुकानांचे एसी एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे संकुलाच्या सचिवांनी, म्हणजे आप्पांनी, एसींमुळे लोड वाढतो आणि मुख्य ब्रेकर तापून पडतो, असा निष्कर्ष काढला होता. ही शंका अगदीच निराधार नव्हती. ज्या ब्रेकरमध्ये द्विधातूची पट्टी असते त्याचा औष्णिक भाग गरम खोलीत खरोखरच लवकर काम करतो, कारण एमसीबीचे मोजमाप ३० अंश तापमान गृहीत धरून केलेले असते. परंतु आमच्या एसीबीचा रिलीज, म्हणजे ब्रेकर कधी पाडायचा हे ठरवणारा भाग, इलेक्ट्रॉनिक आहे, त्यात पट्टी नाही, आणि भर दुपारचा लोडही ५२० अँपिअरच्या वर जात नव्हता. शिवाय अनेक वर्षे पॅनेल सांभाळणारे वायरमन नाना मला म्हणाले, “भाऊ, लोडनं पडला असता तर एकटा पडला असता. इथं दोघं संगं पडतात.” या एका निरीक्षणाने तपासाची दिशा ठरली.

रिलीजच्या स्मृतीत शेवटच्या ट्रिपचे कारण आणि त्या वेळचा प्रवाह नोंदलेला असतो. ती नोंद वाचली तर कारण ‘इन्स्टंटेनियस’, म्हणजे तत्क्षणी सुटणे, आणि प्रवाह सुमारे २४०० अँपिअर असा निघाला. ओव्हरलोड असता तर ‘लाँग टाइम’, म्हणजे सावकाश सुटणे, असे दिसले असते. मग डायल पाहिले. लाँग टाइमची मर्यादा ८५० अँपिअर होती आणि ती योग्यच होती, कारण ४३३ व्होल्टला ६३० केव्हीएचा पूर्ण प्रवाह ८४० अँपिअर येतो. मात्र थोड्या विलंबाने सुटणारा शॉर्ट टाइम त्याच्या दुप्पट, म्हणजे १७०० अँपिअरवर, सर्वांत कमी विलंबासह ठेवलेला होता आणि इन्स्टंटेनियस २००० अँपिअरवर होता. कारखान्यातून ब्रेकर आला तेव्हाचीच ही सेटिंग होती आणि उभारणी करणाऱ्या ठेकेदाराने तिला हात लावलेला नव्हता.

ब्रेकर किती प्रवाहाला किती वेळात पडतो हे दाखवणारे वक्र काढण्याआधी प्रत्येक ठिकाणी शॉर्ट सर्किटचा प्रवाह किती येऊ शकतो हे ठरवावे लागते. नाहीतर वक्रांचा नेमका कोणता भाग पाहायचा हेच कळत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर ५ टक्के इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला त्याचा स्वतःचा अडथळा, लिहिलेला आहे. ८४० ला ०.०५ ने भागले की त्याच्या टोकाशी सुमारे १६.८ किलोअँपिअर येतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत १२० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल सुमारे ६० मीटर गेलेली आहे. तिचा रोध धरल्यावर मजल्याच्या पॅनेलवर तीन फेजच्या शॉर्टसाठी साधारण साडेनऊ किलोअँपिअर उरतात. पुढे दुकानापर्यंत १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल २० मीटर जाते, त्यामुळे दुकानाच्या डीबीवर, म्हणजे वितरण पेटीवर, हाच आकडा ५.४ किलोअँपिअरवर येतो. परंतु दुकानात प्रत्यक्ष घडतात ते बहुतेक शॉर्ट फेज आणि न्यूट्रल यांच्यातले. त्यात प्रवाहाला परतीचा मार्गही पार करावा लागतो आणि साडेतीन कोअरच्या केबलमध्ये न्यूट्रल बारीक असतो, म्हणून हिशेबाने सुमारे २.६ किलोअँपिअरच मिळाले. प्रत्यक्षातल्या सांध्यांचा आणि ठिणगीचा रोध धरला तर रिलीजमधली २४०० अँपिअरची नोंद याच्याशी चांगली जुळत होती.

त्यानंतर तिन्ही ब्रेकरचे वेळ-प्रवाह वक्र एकाच कागदावर घेतले. आडव्या अक्षावर प्रवाह आणि उभ्या अक्षावर वेळ असते, आणि दोन्ही अक्ष लॉगरिदमिक असावे लागतात. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये प्रवाह अँपिअरमध्ये नसून त्या त्या ब्रेकरच्या पटीत दिलेला असतो, म्हणून प्रत्येक बिंदू आधी अँपिअरमध्ये बदलून घेतला. दुसरे असे की वक्र ही एक रेघ नसते, तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळेच्या दोन रेघांमधला पट्टा असतो, आणि समन्वय, म्हणजे शॉर्टच्या जवळचाच ब्रेकर पडणे, पाहायचा तो या पट्ट्यांचा. ‘सी’ वक्राच्या ६३ अँपिअर एमसीबीचा चुंबकीय भाग पाच ते दहा पटींत, म्हणजे ३१५ ते ६३० अँपिअरच्या दरम्यान, कधीही काम करू शकतो. मजल्याच्या एमसीसीबीचा चुंबकीय भाग २५०० अँपिअरवर पक्का होता, पण त्याला २० टक्के कमी-जास्त होण्याची सूट असल्याने त्याचा पट्टा २००० पासून ३००० अँपिअरपर्यंत पसरला होता.

२६०० अँपिअरवर उभी रेघ ओढली तेव्हा सगळे चित्र समोर आले. एमसीबी त्या प्रवाहाला नक्की पडणार होता, एमसीसीबी पडेल की नाही हे सांगता येत नव्हते, आणि सर्वांत वरचा एसीबी मात्र आपल्या मर्यादेच्या बराच पुढे असल्याने खालच्याची वाट न पाहता सुटणार होता. मधला टिकतो आणि वरचा पडतो, हा कोड्यासारखा वाटणारा प्रकार या एका रेघेने उलगडला.

एसीबीची सेटिंग बदलणे तुलनेने सोपे होते. शॉर्ट टाइम पाच पट, म्हणजे ४२५० अँपिअरवर नेला. दहा टक्के सूट वजा केली तरी तो ३८२५ च्या खाली येत नाही, आणि एमसीसीबीच्या पट्ट्याचे वरचे टोक ३००० वरच संपते. विलंब ०.२ सेकंद ठेवला, कारण मजल्याच्या पॅनेलवरचा मोठा शॉर्टही एमसीसीबी काही मिलिसेकंदांतच तोडतो. इन्स्टंटेनियस पूर्ण बंद केला. हे प्रत्येक ठिकाणी करता येत नाही. तेवढा वेळ शॉर्टचा प्रवाह अंगावर घेण्याची क्षमता ब्रेकरमध्ये आणि बसबारमध्ये असावी लागते. आमच्या एसीबीची एका सेकंदासाठीची क्षमता ५० किलोअँपिअर आणि पॅनेलची ३५ किलोअँपिअर आहे, तर प्रत्यक्ष प्रवाह १६.८ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून हे शक्य झाले. या विलंबाची किंमतही आहे : मुख्य पॅनेलमध्येच ठिणगी पेटली तर ती आता अधिक वेळ जळेल. त्यामुळे चालू पॅनेल उघडून काम करण्यास मी लेखी मनाई केली. नानांना ती जाचक वाटली, पण मी ती मागे घेतली नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब बाजूचा रिलेही त्याच कागदावर आणला. त्यासाठी ११ किलोव्होल्टकडचे अँपिअर २५.४ ने गुणून ४३३ व्होल्टवर आणावे लागतात. तेथे अडचण निघाली नाही.

खरा अवघड भाग एमसीसीबी आणि एमसीबी यांच्यातला होता. तेथे इलेक्ट्रॉनिक रिलीजचा एमसीसीबी बसवला, लाँग टाइम २०० अँपिअर, शॉर्ट टाइम १६०० अँपिअरला ०.१ सेकंद विलंबाने. आता कागदावर दोन्ही पट्टे स्वच्छ वेगळे दिसू लागले आणि अनेकजण येथेच काम संपले असे मानतात. परंतु ०.०१ सेकंदाच्या खाली, म्हणजे अर्ध्या आवर्तनाहून कमी वेळात, वक्रावरून काहीही ठरवता येत नाही. त्या वेळात एमसीबी किती ऊर्जा पुढे जाऊ देतो आणि तेवढ्याने वरचा ब्रेकर सुटतो का, हा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर फक्त कंपनीने चाचण्या करून दिलेल्या निवडकतेच्या, म्हणजे किती प्रवाहापर्यंत फक्त खालचाच ब्रेकर पडेल याच्या, तक्त्यात मिळते. त्यातच २५० अँपिअरच्या एमसीसीबीला विलंब सोसण्याची क्षमता मर्यादित असल्याने सुमारे १२ पटींच्या पुढे, म्हणजे ३००० अँपिअरनंतर, तो स्वतःला वाचवण्यासाठी विलंब बाजूला ठेवून लगेच सुटतो. ही सेटिंग डायलवर नसते, त्यामुळे ती नजरेतून सुटते.

तक्त्यात आमच्या जोडीसाठी निवडकतेची मर्यादा साडेचार किलोअँपिअर होती. २.६ किलोअँपिअरचा फेज-न्यूट्रल शॉर्ट तिच्या आत बसतो, ५.४ किलोअँपिअरचा तीन फेजचा शॉर्ट बसत नाही. हा तक्ता एकाच कंपनीच्या दोन ब्रेकरसाठी असतो, हे भाडेकरूंना पटवणे मात्र तांत्रिक कामापेक्षा कठीण गेले. एका दुकानदाराने मधल्या काळात बाजारातून दुसऱ्याच कंपनीचा एमसीबी आणून बसवला होता. दोन्हींवर ‘सी ६३’ लिहिले आहे तर फरक कसला, असा त्याचा प्रश्न होता. शेवटी एमसीबी बदलायचा असेल तर तो संकुलाकडूनच घ्यावा, ही अट भाडेकरारात घालावी लागली.

जनरेटरचा हिशेब वेगळा करावा लागला. आमचा २५० केव्हीएचा जनरेटर शॉर्टमध्ये सुरुवातीला अडीच किलोअँपिअरच्या आसपास प्रवाह देतो आणि तो झपाट्याने ओसरतो. त्याला एसीबीसारखी ४२५० ची मर्यादा लावली असती तर त्याचा ब्रेकर शॉर्ट टाइमवर कधीच पडला नसता. म्हणून जनरेटरच्या स्वतःच्या ब्रेकरचा शॉर्ट टाइम ८७५ अँपिअरला ०.२ सेकंद ठेवला. दुकानाच्या एमसीबीला ६३० अँपिअर पुरेसे असल्याने तो आधी पडतो. मजल्याच्या एमसीसीबीशी मात्र जनरेटरवर समन्वय राहत नाही आणि तो राखण्याचा प्रयत्नही केला नाही, कारण अशा वेळी जनरेटरचे वाइंडिंग वाचवणे अधिक गरजेचे होते.

सेटिंग झाल्यावर मुद्दाम शॉर्ट करून पाहण्याचा आग्रह एकाने धरला होता. तो मी साफ नाकारला. त्याऐवजी रिलीजला दुय्यम प्रवाह देणाऱ्या संचाने प्रत्येक पायरीची वेळ मोजली आणि ती कागदावरच्या पट्ट्यांत बसते याची खात्री केली. पुढे एका कापड दुकानाच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये शॉर्ट झाला तेव्हा फक्त त्या दुकानाचा एमसीबी पडला. पावसाळ्यात मात्र एका डीबीत पाणी शिरून तिन्ही फेज एकत्र आल्या आणि मजल्याचा एमसीसीबीही पडला. एसीबी उभा राहिला. आप्पांनी विचारले तेव्हा मी त्यांना ५.४ आणि साडेचार हे दोन आकडे दाखवले आणि अधिक मोठ्या फ्रेमचे एमसीसीबी बसवले तर हेही टळू शकेल असे सांगितले. खर्चाचा अंदाज पाहून कार्यकारिणीने तो प्रस्ताव नामंजूर केला आणि त्याऐवजी डीबींच्या वरची गळती दुरुस्त करून घेतली.