बैल आली

"तुमचं अन् तुमच्या त्या रूममेटचं तूर-हरभऱ्यावरून काय भांडण होतं हो, अन् शेवटी जिंकलं कोण?"

जिंकलं कोणीच नाही. लग्नात, पानठेल्यावर, सगळीकडे हेच विचारता अन् हसता, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आम्ही दोघं बीएला, तालुक्याच्या कॉलेजात. तो गडचिरोलीकडचा, घरी गोंडी बोलणारा. मी वऱ्हाडातला, बाबांचं कोरडवाहू वावर. भांडण शब्दाच्या लिंगावरून, म्हणजे कोणता शब्द 'तो' अन् कोणता 'ती'. माझं म्हणणं असं की लिंग उगाच नसते, त्याच्यामागे अर्थ असते. डबा मोठा, डबी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. गाडा अन् गाडीचंही तसंच.

तो म्हणे, "मंग दोरा बारीक अन् दोरी जाड काऊन? नाला लहान अन् नदी मोठी काऊन?"

"ते अपवाद हायेत."

"तीन उदाहरणं म्हंजे नियम अन् दोन म्हंजे अपवाद, हे कोणतं गणित बे?"

तेव्हा मला राग आला, पण अजूनही वाटते की मी सगळाच चुकीचा नव्हतो. जिथं एकाच शब्दाची 'आ' अन् 'ई' अशी दोन रूपं आहेत तिथं बहुतेक वेळा लहान-मोठ्याचा अर्थ चालतेच, दोरा-दोरीसारखे नग सोडले तर. पण भिंतीला जोडीदारच नाही, ती कोणापेक्षा लहान म्हणून 'ती'? इथं माझं गाडं अडलं.

मग त्यानं तूर काढली. "एकाच वावरात तूर अन् हरभरा, दोन्हीची डाळच होते. तो हरभरा अन् ती तूर, काऊन?" हरभरा आकारान्त आहे, म्हणून पुल्लिंगी, हे सोपं होतं. तुरीला ना 'ई' ना 'आ'. मी लायब्ररीत बसून शोधलं, संस्कृतात 'तुवरी', ईकारान्त स्त्रीलिंगी. शेवटचा स्वर झिजून गेला अन् लिंग मागं राहिलं, जसं जिह्वेची जीभ झाली तरी ती 'ती'च राहिली. धावत जाऊन सांगितलं तर म्हणे, "तुह्या आजीले तुवरी माहीत होती का? मंग ते 'तूर आली' कशी म्हणे?"

आता हे का एवढं टोकाला गेलं ते सांगतो, कारण तुम्हाला हे माहीतच नसते.

एकदा तासाला तो "बैल आली" असं म्हणाला. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला, मीही, अन् मास्तरनं त्याला उभं करून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा, हसू थांबेपर्यंत. तो म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, आमच्या गोंडीत माणसं म्हंजे पुरुष एका बाजूले, अन् बाया, बैल, झाड, दगड सगळं दुसऱ्या बाजूले. अर्थ समजला का लिंग समजते. तुमच्यात बैल 'तो', पाखरू 'ते', घूस 'ती', मंग उंदीर 'तो'. काऊन ते सांगा, म्हंजे मी चुकणार नाही." मास्तर म्हणाले, "तसंच असते, पाठ कर."

रात्री रूमवर मी समजूत काढायला गेलो अन् भलतंच बोललो. म्हटलं, "पाह्य, तुह्या गोंडीनंच माहं म्हणणं सिद्ध केलं, लिंगाले अर्थ असते." तो म्हणाला, "गोंडीत असते. तुमच्यात असता तर आज एवढा हसलास नसता." त्यानंतर बरेच दिवस मेसमध्ये तो वेगळ्या टेबलावर बसत होता. मला काय बोलायचं होतं अन् काय निघालं, यावर मी काही सफाई देत नाही, पण मुद्दा म्हणून ते खोटं नव्हतं, असं मला आजही वाटते.

पुढं एम्एला पतंजलीचं संस्कृत व्याकरणावरचं महाभाष्य हाती पडलं. लिंगाचा विचार करताना तो आधी सांगते की स्तन-केस असणारी ती स्त्री, अंगावर लव असणारा तो पुरुष, अन् लगेच अडते, कारण खाट स्त्रीलिंगी अन् वृक्ष पुल्लिंगी, तिथं ही लक्षणं शोधायची कुठं? दुसरीकडं म्हणते, 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य', म्हणजे लिंग नियमानं शिकवायची गोष्ट नाही, ते लोकांवर अवलंबून. मी त्याला फोन करून वाचून दाखवलं, मनात असं की आता मिटलं.

"मंग मीच जिंकलो."

"कसा? लोक उगाच ठरवतेत का? बस आली तं 'ती', कारण गाडी आधीच 'ती' होती. जीपही 'ती', कारही 'ती'."

"ट्रक?"

"माल वाहते ना, दांडगा, म्हणून तो."

"ट्रॉली काय नवरी वाहते का?"

ट्रॉलीला शेवटी 'ई' आहे, म्हणून ती, हे मला तेव्हाच सुचायला पाहिजे होतं. पण ते बोललो असतो तर आवाजानंच लिंग ठरते, अर्थानं नाही, असंच झालं असतं, म्हणजे त्याचंच म्हणणं. बस अन् ट्रक मात्र दोन्ही व्यंजनावर संपतात, तिथं आवाज काही सांगत नाही, तिथं मी अजून गाडीचाच आधार धरून आहे.

परवा त्याचा मेसेज होता, ॲम्ब्युलन्स 'ती' अन् टेम्पो 'तो', कर सिद्ध. ॲम्ब्युलन्सचं मी उत्तर दिलं, ती गाडीच. टेम्पोवर अडलोय.