20 ओहम, पण कुठले? चाकणच्या प्लांटमध्ये झिगझॅग बसवताना

आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये 33/11 केव्हीचा 10 एमव्हीए ट्रान्सफॉर्मर आहे. त्याची 11 केव्ही बाजू डेल्टा आहे, म्हणजे न्यूट्रल नाही आणि अर्थ करायला जागाच नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि जुन्या मंडळींना त्याचं कौतुकही होतं. एका फेजला अर्थ फॉल्ट झाला तरी लाइन बंद पडत नाही, प्रॉडक्शन चालू राहतं, फक्त ओपन डेल्टा पीटीवरचा रिले अलार्म देतो. मग इलेक्ट्रिशियनने एकेक फीडर बंद करत जायचं आणि ज्याने अलार्म गेला तो फीडर पकडायचा.

हे कौतुक एका पावसाळ्यात संपलं. एका फीडरच्या केबल टर्मिनेशनमध्ये फॉल्ट झाला होता, अलार्म वाजत होता, आणि शोधाशोध चालू असतानाच दुसऱ्या फीडरचं, दुसऱ्या फेजचं टर्मिनेशन फुटलं. कारण सरळ आहे. एक फेज जमिनीला टेकली की बाकीच्या दोन फेज जमिनीच्या हिशेबाने 6.35 ऐवजी 11 केव्हीवर जातात, आणि फॉल्टची ठिणगी विझत-पेटत राहिली तर त्याहूनही वर. फॉल्ट करंट मात्र केबलच्या कपॅसिटन्समधून परतणारा, तेवढाच. आमच्या साधारण 3 किलोमीटर केबलचा हिशेब 7 अँपिअरच्या आसपास येतो. एवढ्या करंटवर साध्या सीटीवरचा अर्थ फॉल्ट रिले कुठला फीडर ओळखणार?

म्हणून झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मर घ्यायचं ठरलं. त्याच्या कोअरला तीन लिम्ब असतात आणि प्रत्येक लिम्बवर सारख्या वेढ्यांची दोन वाइंडिंग. आर फेजची तार एका लिम्बवरच्या वाइंडिंगमधून जाते, मग दुसऱ्या लिम्बवरच्या वाइंडिंगमधून उलट्या दिशेने येऊन न्यूट्रलला मिळते. वाय आणि बी फेजचंही तसंच, एकेक लिम्ब पुढे सरकून. नेहमीच्या तीन-फेज व्होल्टेजला हे यंत्र म्हणजे मोकळं ठेवलेलं ट्रान्सफॉर्मर, फक्त थोडासा मॅग्नेटायझिंग करंट घेतं. पण न्यूट्रलमधून करंट आला तर तो तिन्ही फेजमध्ये सारखा आणि एकाच दिशेने वाटला जातो. मग प्रत्येक लिम्बवर दोन वाइंडिंगचे अँपिअर-टर्न एकमेकांविरुद्ध पडतात आणि खोडले जातात. कोअरमध्ये फ्लक्स उभाच राहत नाही. अडवायला उरतो तो फक्त दोन वाइंडिंगमधला लीकेज. या लीकेजमुळे जो इम्पीडन्स मिळतो तोच झिरो सिक्वेन्स इम्पीडन्स, Z0.

पुढचं सगळं काम या एका आकड्याभोवती फिरलं.

फॉल्ट करंट 300 अँपिअर ठेवायचा असं आमच्या कन्सल्टंट सरांनी ठरवलं. फीडरच्या कोअर बॅलन्स सीटीला सहज दिसेल एवढा, पण मोटरच्या स्टेटरची पत्री जाळणार नाही एवढा. नुसत्या झिगझॅगच्या रिअॅक्टन्सवर हा करंट रोखता आला असता, पण सरांना ते पसंत नव्हतं. अर्थिंग नुसतं रिअॅक्टन्सचं असेल आणि तो रिअॅक्टन्स सिस्टिमच्या मानाने फार मोठा असेल, तर ठिणगीच्या फॉल्टला पुन्हा ओव्हरव्होल्टेजचा त्रास होतो. ज्यासाठी एवढा खर्च करायचा, तेच दुखणं परत. म्हणून झिगझॅगच्या न्यूट्रलमध्ये रेझिस्टर घालायचा आणि मुख्य अडवणूक त्याच्यावर सोपवायची. झिगझॅगचा Z0 दर फेजला 20 ओहम, रेझिस्टरही 20 ओहम. सरांनी कागदावर मांडलं ते असं:

```
I = 3 × 6351 / |Z1 + Z2 + Z0 + 3R|
3R = 60,  Z0 = j20,  Z1 + Z2 = j2.5
I = 19053 / |60 + j22.5| = 19053 / 64.1 = 297 A
```

रेझिस्टर तिपटीने का धरला हे आमच्या ट्रेनी मुलाने विचारलं. न्यूट्रलमध्ये तिन्ही फेजचा करंट एकत्र येतो. एका फेजमधून 100 अँपिअर जात असतील तर रेझिस्टरमधून 300 जातात, म्हणजे त्या फेजला तो रेझिस्टर तिप्पट जड वाटतो. फेजचा हिशेब मांडताना तो 60 ओहमच दिसतो. आणि 60 ला 20 म्हणजे रेझिस्टन्स रिअॅक्टन्सच्या तिप्पट, ठिणगीच्या ओव्हरव्होल्टेजसाठी निर्धास्त.

ट्रान्सफॉर्मर तयार झाल्यावर टेस्टला आम्ही बनवणाऱ्याकडे गेलो. Z0ची टेस्ट दिसायला अगदी साधी असते. तिन्ही लाइन टर्मिनल एकत्र बांधायची, आणि ती जुडी व न्यूट्रल यांच्यात सिंगल फेज सप्लाय द्यायचा. अँमीटरवर 60 अँपिअर आले, व्होल्टमीटरवर 402. टेस्टिंगच्या मुलाने कॅल्क्युलेटर काढला आणि शीटवर लिहिलं, 6.7 ओहम. शेजारच्या रकान्यात आमच्या ऑर्डरमधला आकडा होता, 20. त्यांच्या क्वालिटीच्या माणसाने लाल पेन काढलं.

"साहेब, ओहमचा नियम आहे, व्होल्ट भागिले अँपिअर. मशीन नापास आहे."

सर म्हणाले, "अरे, टाँग टेस्टर आण आणि एका लीडला लाव."

टाँग टेस्टरने 20 अँपिअर दाखवले. तिन्ही लीडवर तेच. म्हणजे एका फेजला 402 व्होल्ट आणि 20 अँपिअर, म्हणून 20.1 ओहम. 60 अँपिअर हा तीन फेजचा मिळून करंट होता. म्हणून या टेस्टमध्ये Z0 काढताना व्होल्टेज भागिले करंट करून तिनाने गुणायचं असतं, आणि उत्तर ओहम प्रति फेज असतं. मशीन अगदी बरोबर होतं, शीटवरचा रकाना तेवढा बदलायचा होता.

इथे गैरसमज उघडा पडला, कारण मोजलेला आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला आणि कुणीतरी हरकत घेतली. उलटं झालं असतं तर पकडणं अवघड होतं. बनवणाऱ्याने 20 ओहम हा आकडा न्यूट्रलकडून मोजायचा समजून डिझाइन केलं असतं, तर टेस्टला 20 आले असते, शीट हिरव्या शिक्क्यासह आली असती, आणि खरा Z0 निघाला असता 60 ओहम प्रति फेज. मग वरच्या सूत्रात 60 + j62.5 येतं आणि करंट 220 अँपिअरवर उतरतो. रिले तरीही चालले असते, पण रिअॅक्टन्स रेझिस्टन्सच्या वर गेला असता आणि रेझिस्टर घेण्याचं कारणच संपलं असतं. हे कुणाला कळलंही नसतं. आमच्या ऑर्डरमध्ये "प्रति फेज" हे दोन शब्द होते, पण ड्रॉइंग मंजुरीला आलं तेव्हा त्यात नुसतं "20 ओहम" होतं. आता मी ड्रॉइंगवर टेस्टचं जोडणीचित्र आणि 3V/I हे सूत्र लिहून घेतल्याशिवाय सही करत नाही.

साइटवर तेल भरून झाल्यावर हीच टेस्ट व्हेरिअॅकवर परत केली. 98 व्होल्टला 14.6 अँपिअर, म्हणजे पुन्हा 20.1. प्रत्येक लीडमध्ये करंट सारखा वाटला जातो का हे पाहणं तितकंच महत्त्वाचं, कारण एखाद्या वाइंडिंगची टोकं उलटी जोडली असतील तर त्या लिम्बवरचा तोल बिघडतो, करंट असमान होतो आणि Z0 एकदम चढतो. मग रेझिस्टर जोडून पूर्ण साखळी मोजली, 100 व्होल्टला 4.7 अँपिअर, तिपटीने 63.8 ओहम. हिशेबात 63.3 होते, तेवढा फरक लीडचा आणि मीटरचा. शेवटी 415 व्होल्ट तीन-फेज लावून पाहिलं तर करंट मिलीअँपिअरमध्ये. एकाच यंत्राचे असे दोन चेहरे मीटरवर बघायला मला अजूनही मजा येते.

जोडायचं कुठे यावर बराच वाद झाला. बसवर वेगळ्या ब्रेकरने जोडलं तर तो ब्रेकर कधी ट्रिप झाला की बस पुन्हा न्यूट्रलविना, आणि तेही कुणाच्या ध्यानात न येता. म्हणून मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या 11 केव्ही टर्मिनलवरच, इनकमर ब्रेकरच्या आधी जोडलं. पण त्यामुळे झिगझॅग डिफरन्शियल रिलेच्या झोनमध्ये आला. आता एखाद्या फीडरवर अर्थ फॉल्ट झाला की झिगझॅगमधून प्रत्येक फेजला 100 अँपिअर झोनच्या आतूनच निघतात. इनकमरचे सीटी ते बघतात, 33 केव्हीच्या सीटींना त्याचा पत्ता नसतो. 11 केव्हीला आमचा फुल लोड 525 अँपिअर, म्हणजे हा फरक 0.19 पर युनिट. आमचं पिकअप 0.15 होतं. बाहेर फीडरवर फॉल्ट झाला, तरी लोड कमी असताना मुख्य ट्रान्सफॉर्मरच ट्रिप झाला असता.

उपाय रिलेमध्येच होता. 11 केव्ही बाजूचा झिरो सिक्वेन्स फिल्टर चालू करायचा, की रिले हिशेबातून तो 100 अँपिअर वजा करतो. डेल्टा बाजूला हा फिल्टर आपणहून चालू नव्हता, कारण डेल्टातून झिरो सिक्वेन्स येतच नाही असं रिलेला वाटतं. रिले टेस्टिंगच्या काकांनी तीन फेजला सारखा, एकाच फेजकोनाचा करंट इंजेक्ट केला. फिल्टर बंद असताना ट्रिप, चालू असताना काहीच नाही. तो प्रिंट फाइलला लावला.

फीडरच्या कोअर बॅलन्स सीटीवर 30 अँपिअर, 0.2 सेकंद असं सेटिंग ठेवलं. न्यूट्रलच्या सीटीवर बॅकअप रिले 30 अँपिअरलाच, पण दीड सेकंद उशिराने. रेझिस्टर 300 अँपिअरला 10 सेकंदांचा आहे, त्यामुळे बॅकअपपर्यंत वेळ गेली तरी तो सुखरूप.

पुढच्या पावसाळ्यात गेटजवळ जेसीबीने एक केबल उपटली. रिलेच्या रेकॉर्डमध्ये 3I0 = 291 A, वाय फेजचं व्होल्टेज जवळजवळ शून्य, बाकीच्या दोन फेजची पीटी सेकंडरीवर 110च्या आसपास, आणि ट्रिप झाला तो एकच फीडर. डिफरन्शियल गप्प होता. हिशेबातले 297 आणि इथले 291, यातले 6 कुठे गेले ते शोधायला सरांनी ट्रेनीला बसवलं. त्याने केबलच्या फॉल्टची जागा आणि मातीचा रेझिस्टन्स धरून उत्तर आणलं. फॉल्टमध्ये अर्धा ओहमही धरला तर तो 1.5 ओहम म्हणून 3Rच्या शेजारी बसतो, आणि आकडा 291च्या आसपास येतो.