टाय झाली आणि चिठ्ठ्या काढायला बसलो

पुण्यात आमच्या ऑफिसच्या कल्याण समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि मोजणी माझ्या गळ्यात पडली, कारण एक्सेल मला येतं म्हणे. पद्धत पसंतीक्रमाची, म्हणजे पदवीधर मतदारसंघाला आपण नावापुढे १, २, ३ लिहितो ना तशीच. मोजणीही तशीच, कोणाला निम्म्याहून जास्त मिळेपर्यंत दर फेरीत शेवटचा बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे.

उमेदवार चार, शीटवर अ, ब, क, ड. मतपत्रिका ६१, त्यातल्या दोघांनी टिकमार्क केलेले म्हणून बाद, राहिल्या ५९, म्हणजे जिंकायला ३० हवीत. पहिल्या फेरीत अ २२, ब १७, क १२, ड ८. ड बाहेर. त्याच्या ८ पैकी ५ क कडे, २ ब कडे आणि एकाने फक्त १ लिहून सोडून दिलेलं, ते 'संपलेल्या' रकान्यात. मग अ २२, ब १९, क १७, संपलेली १. बेरीज ५९, छान.

आता क बाहेर. त्याचे १७ कागद सहकाऱ्याने भराभर वाटले, अ ला ५, ब ला ८, संपलेली ४. म्हणजे अ २७, ब २७! लगेच कुणीतरी चिठ्ठ्या करायला कागद फाडायला घेतला. बेरीजही ५९ येत होती, त्यामुळे सगळे निवांत.

मला मात्र संपलेला रकाना खटकला, कारण बहुतेकांनी चारही नावांना नंबर दिलेले मी स्वतः बघितले होते, मग एका झटक्यात एकाचे पाच कसे? ते चार कागद परत मागवले. पहिल्यावरच क पुढे १, ड पुढे २, ब पुढे ३. भाऊने २ बघितला, ड तर आधीच गेला, म्हणून कागद संपला असं धरलं. अहो, बाद उमेदवार ओलांडून पुढचा आकडा बघायचा! चारही तसेच निघाले, त्यातले तीन ब चे आणि एक अ चा. हा घोळ बेरजेत कधीच दिसत नाही बघा, कागद चुकीच्या गठ्ठ्यात गेला तरी एकूण तेवढंच राहतं. ड कडून आलेल्या पाच कागदांची उलट भीती होती, तिथे क हाच २ नंबर, त्यामुळे ३ बघायला हवा, पण ते नीट निघाले.

शेवटी अ २८, ब ३०, संपलेलं १. ब निवडून आला.

अ चा मित्र चिडला, पहिल्या फेरीत पाच मतांनी पुढे असलेला हरतो कसा म्हणून. त्याला म्हटलं १९६९ ला राष्ट्रपतिपदाला गिरी पण दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच आले होते, पण गिरींना पहिल्या फेरीतही जास्त होती हे त्याने लगेच ऐकवलं, बरोबरच होतं ते. मग त्याला सरळ क चे १७ कागद हातात दिले, मोज म्हटलं. त्याने दोनदा मोजले आणि शीटवर सही केली.