हिरवे ठिपके नसलेली पेशी

आठवीच्या वर्गाला पेशी शिकवून झाली की मी मुलांना एक कोरी आकृती देते. तिला शीर्षक नसतं, रंग नसतात आणि एकही नाव लिहिलेलं नसतं. पेशी वनस्पतीची की प्राण्याची ते ओळखायचं, भागांना नावं द्यायची आणि कशावरून ओळखलं ते एका वाक्यात लिहायचं, एवढंच काम. त्या दिवशीची आकृती कांद्याच्या पापुद्र्यातल्या एका पेशीची होती. लांबट चौकट, तिला दुहेरी रेघ, मध्ये भली मोठी मोकळी जागा, एका कडेला सरकलेलं केंद्रक, काठाकाठाने पेशीद्रव्याची अरुंद पट्टी आणि त्या पट्टीत तीन-चार तंतुकणिका.

कागद हातात आले आणि मी चक्रावले. निम्म्याहून जास्त मुलांनी ‘प्राणी पेशी’ लिहिलं होतं. त्यात एक मुलगी अशी होती, की आदल्या आठवड्यात तिने पुस्तकातल्या दोन्ही आकृत्या न बघता काढल्या होत्या आणि एकही नाव चुकवलं नव्हतं. तिचं कारण असं होतं: ‘हरितलवक नाही आणि तंतुकणिका आहे, म्हणून ही प्राणी पेशी.’

हा निष्काळजीपणा नव्हता. फरकाचा तक्ता पाठ केला की डोकं असंच चालतं. तक्त्यात एका बाजूला ‘हरितलवक असते’, दुसऱ्या बाजूला ‘हरितलवक नसते’. मुलं तो उलटा वाचतात. हरितलवक दिसलं तर पेशी प्राण्याची नाही, हे बरोबर. पण दिसलं नाही म्हणून ती प्राण्याची, हे कुठून आलं? शिवाय पुस्तकात वनस्पती पेशी म्हणून जी आकृती असते तिच्यात सगळंच एकत्र दाखवलेलं असतं. तशी पेशी पानात सापडेल, पण मुळात किंवा कांद्यात नाही. हे मुलांना कुणी तरी स्पष्ट सांगावं लागतं, आणि नुसतं सांगून भागत नाही.

म्हणून पुढचा तास प्रयोगशाळेत घेतला. एरवी आपण कांद्याच्या आतल्या बाजूचा पांढरा पापुद्रा काढतो आणि सॅफ्रनिनने रंगवतो. मी मुद्दाम लाल कांदा घेतला आणि फोडीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळट पापुद्रा चिमट्याने सोलायला लावला. तो सहज निघत नाही, खाली गर चिकटून येतो. पण नखाएवढा पातळ तुकडा मिळाला तरी पुरतो. वरून कुठलाही रंग घालायचा नाही, कारण हवा तो रंग पेशीत आधीच असतो. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा, वर आच्छादक काच आणि शंभरपट वर्धन.

विटा रचाव्यात तशा जांभळ्या पेशी दिसू लागल्या. ‘रंग पेशीत कुठे आहे?’ असं विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ‘सगळीकडे.’ दिसत होतंही तसंच.

मग शंभर मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवलं. त्याचा थेंब आच्छादक काचेच्या एका कडेला सोडला आणि समोरच्या कडेला टीपकागद टेकवला, म्हणजे जुनं पाणी ओढलं जातं आणि मिठाचं पाणी पापुद्र्यापर्यंत पोहोचतं. काच हलवायची नाही, डोळा भिंगावरून काढायचा नाही. काही मिनिटांतच जांभळा रंग चौकटीच्या कोपऱ्यांतून मागे सरायला लागला. कोपरे पांढरे पडले, रंग गडद होत गेला आणि थोड्या वेळाने प्रत्येक चौकटीत एक आकसलेला जांभळा गोळा उरला.

‘बाई, पेशी बारीक झाली, पण चौकट आहे तिथेच आहे!’ हे तीच मुलगी म्हणाली.

त्याच क्षणासाठी हा सगळा खटाटोप होता. आकृतीतल्या दुहेरी रेघेतली बाहेरची रेघ म्हणजे पेशीभित्तिका. ती सेल्युलोजची, ताठ, म्हणून जागची हलली नाही. आत आकसलं ते पेशीपटल आणि त्याच्या आतलं सगळं. पाणी भरलेल्या पेशीत पटल भित्तिकेला इतकं चिकटून असतं, की आपल्या सूक्ष्मदर्शकातून ते वेगळं दिसतच नाही. त्यामुळे मुलांना ती एकच जाड रेघ वाटते, आणि नावाची रेषा ती कुठेही टेकवतात. मिठाच्या पाण्याने परासरण होऊन पेशीतलं पाणी बाहेर गेलं, रससंकोच झाला, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सुटल्या.

मी विचारलं, ‘गोळा आणि चौकट यांच्यामध्ये आता काय आहे?’ एकाने हवा म्हटलं, दुसरा म्हणाला, काहीच नाही. थोडा वेळ त्यांना भांडू दिलं. तिथे आहे मिठाचं पाणी. भित्तिका पाण्याला अडवत नाही, मिठालाही नाही. कशाला आत घ्यायचं आणि कशाला नाही हे काम पटलाचं. ‘भित्तिका संरक्षण करते, पटल ये-जा नियंत्रित करते’ हे वाक्य सगळ्यांच्या वहीत होतं, पण त्याचा अर्थ त्या पांढऱ्या कोपऱ्यात पहिल्यांदा दिसला.

एक बारकावा इथे सोडून चालत नाही. जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसाचा असतो. म्हणजे रंगाची कड ही रिक्तिकेची कड. तिच्या बाहेर पेशीद्रव्याचा पातळ थर आणि त्याच्याही बाहेर पेशीपटल. चारशेपट वर्धनावर नीट पाहिलं तर काही पेशींत जांभळ्या गोळ्याच्या बाजूला हा रंगहीन थर दिसतो, क्वचित केंद्रकही. मुलांनी ते पाहिलं आणि मग ‘रंग सगळीकडे आहे’ हे उत्तर त्यांनी स्वतःच बदललं. मोठी रिक्तिका पेशीची बहुतेक जागा व्यापते आणि केंद्रकाला कडेला ढकलते, हे तक्त्यात एका ओळीचं असतं. माझ्या मते वनस्पती पेशी ओळखण्यासाठी भित्तिकेखालोखाल हीच खूण सर्वात कामाची आहे, हरितलवक नव्हे.

काही पेशी मात्र जराही आकसल्या नाहीत. त्या सोलताना फाटलेल्या होत्या. पटल फाटलं की रंग बाहेर सांडतो आणि नुसती फिकी चौकट राहते. हे ओळखता येतं, कारण अशा पेशी पापुद्र्याच्या कडेला आणि चिमटा लागलेल्या जागी असतात. धडधाकट पेशींना मिठाच्या जागी पुन्हा साधं पाणी दिलं, तर बऱ्याचशा परत फुगल्या आणि रंग कोपऱ्यापर्यंत गेला. खूप वेळ मिठात ठेवल्या तर मरतात, मग फुगत नाहीत.

त्यानंतर गालाच्या आतली पेशी पाहिली. स्वच्छ कापसाच्या काडीने प्रत्येकाने स्वतःच्याच गालाची घेतली, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला, वापरलेल्या काड्या जंतुनाशक द्रावणात गेल्या. वेडावाकडा आकार, साधारण मध्यावर निळं केंद्रक, बाहेर एकच पातळ कड. इथे दुसरी रेघ नाही, ताठ चौकट नाही. प्राणी पेशीत रिक्तिका नसतातच असं मात्र लिहायचं नाही. असल्या तर त्या छोट्या असतात.

हरितलवकांचा प्रश्न हायड्रिलाच्या पानाने सुटला. त्याचं पान जेमतेम दोन थरांचं असतं, म्हणून न कापता, न रंगवता अख्खं ठेवता येतं. हिरवे दाणे पेशीच्या काठाला लागून होते आणि काही पेशींत चक्क सरकत होते. ‘ते मध्ये का नाहीत?’ या प्रश्नाला मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, ‘मध्ये रिक्तिका आहे.’ कांद्याच्या पेशीत हे दाणे का नाहीत, तेही त्यांनीच सांगितलं. कांदा जमिनीत असतो, तिथे प्रकाश कुठला? मी एवढंच जोडलं, की हरितलवक नसलं तरी लवकं असतात, बिनरंगाची. त्यांना अवर्णलवक म्हणतात.

राहिली तंतुकणिका. ‘वनस्पतींना हरितलवक, प्राण्यांना तंतुकणिका’ अशी वाटणी पुष्कळ मुलांच्या डोक्यात पक्की असते. मी तक्ता पुसला आणि विचारलं, ‘पान रात्री श्वसन करतं का?’ करतं, हे त्यांना ठाऊक होतं. ‘मग कुठे?’ वर्ग शांत झाला. हरितलवकात प्रकाशाच्या मदतीने साखर तयार होते, पण त्या साखरेतली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशी करून देण्याचं काम मुख्यतः तंतुकणिकांचं. कांद्याच्या पेशीला साखर पानांकडून मिळते, तिलाही ती वापरावीच लागते. म्हणजे तंतुकणिका दोन्हीकडे हव्यात. त्या आम्हाला भिंगातून दिसल्या नाहीत. त्यांची जाडी मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि रंगवल्याशिवाय शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्या कळत नाहीत. आकृतीतले काही भाग आपण आज पाहिले आणि काही इतरांनी पाहिले म्हणून काढतो, हेही मुलांना मोकळेपणी सांगितलं.

तारककेंद्राबद्दल एका मुलाने विचारलंच. प्राणी पेशीत केंद्रकाजवळ ते दाखवतात, सपुष्प वनस्पतींच्या पेशीत नसतं. पण शेवाळी आणि नेच्यांच्या पोहणाऱ्या नरपेशींत ते असतं, म्हणून तिथे ‘कोणत्याच वनस्पतीत नसते’ असं लिहू नका, असं सांगून मी पुढे गेले.

तास संपताना दुसरी कोरी आकृती दिली. या वेळी मूलरोमाची पेशी होती. एका बाजूने लांब शेपटासारखी वाढलेली, हिरवं काही नाही. त्या मुलीने लिहिलं, ‘वनस्पती पेशी. बाहेर भित्तिका आहे, मोठी रिक्तिका आहे. मूळ मातीत असते म्हणून हरितलवक नाही.’ ओळख जवळपास सगळ्यांची बरोबर आली.

तरीही भित्तिका आणि पटल यांची नावं लिहिताना बऱ्याच जणांची रेषा दोन्हींच्या मधोमध थांबली होती. म्हणून आता मी परीक्षेत साधी पेशी देत नाही. मिठाच्या पाण्यात आकसलेल्या पेशीची आकृती देते आणि चार रेषा मागते: भित्तिका, मधलं द्रावण, पटल, रिक्तिका. त्या आकृतीत रेषा मधोमध थांबली, तर ती मिठाच्या पाण्यावर टेकते आणि मुलाच्या ते स्वतःच्याच लक्षात येतं.