आधी वरची ओळ

सातवीत असताना मी सलग तीन सामन्यांत एकाच जागी झेल दिला. शॉर्ट मिडविकेटला. तिन्ही वेळा चेंडू पुढे पडलेला होता, मी ड्राइव्ह मारायला गेलो होतो, आणि चेंडू हवेत गेला. संघातली मोठी मुलं म्हणायची, "पाय पुढे टाक रे." घरी वडील म्हणायचे तेच, आणि कुंपणाशी उभे राहून सामना बघणारेही तेच. मीही मनाशी घोकत उभा राहायचो, पाय पुढे, पाय पुढे. पाय काही जायचा नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही, असा निरोप आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमच्या क्रीडाशिक्षक सरांचा पुठ्ठा. जुन्या वहीचा पाठपुठ्ठा, त्यावर टाचणीने लावलेला फूलस्केप कागद आणि कडेला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. प्रत्येक फलंदाजाचा वेगळा कागद असायचा. डाव्या बाजूला एकाखाली एक नऊ ओळी. पहिल्या तीन पकडीच्या, मधल्या तीन उभं राहण्याच्या, शेवटच्या तीन पायांच्या. प्रत्येक ओळीपुढे चार घरं होती: चेंडूशिवाय, समोर टपकवलेला चेंडू, दहा पावलांवरून हाताने टाकलेला चेंडू, आणि नेटमधला खरा गोलंदाज.

घरात सर खूण करायचे ती तीन प्रकारची. जमत नसेल तर घर रिकामं. सांगितल्यावर जमत असेल तर अर्धा गोल. न सांगता दहापैकी आठ वेळा जमलं तर पूर्ण गोल. पूर्ण गोल पडल्याशिवाय उजवीकडच्या घरात जायचं नाही. आम्हाला ते फार जाचक वाटायचं, कारण सगळ्यांना थेट चौथ्या घरात, म्हणजे नेटमध्ये, जायचं असायचं.

पकडीची पहिली ओळ अशी तपासायचे. बॅट पालथी जमिनीवर ठेवायची, दांडा आपल्याकडे. मग कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलायची. अशी उचलली की दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये जो व्ही तयार होतो, तो आपोआप एका रेषेत येतो. ही रेषा बॅटच्या पाठीवरचा उंचवटा आणि बाहेरची कड यांच्या मधोमध पडली पाहिजे. दुसरी ओळ: दोन्ही हात एकमेकांना चिकटून. तिसरी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: वरचा हात घट्ट, खालचा हात हलका, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांपुरता. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा वरचा हात म्हणजे डावा. लिहिताना, जेवताना, दगड मारताना ज्याचं काही काम पडत नाही, तोच हात इथे मालक असतो. बारा वर्षांच्या मुलाला हे पटायला वेळ लागतो.

माझ्या कागदावर पायांच्या तिन्ही ओळी तिसऱ्या आणि चौथ्या घरात रिकाम्या होत्या. सरांनी त्यावरून पाय दुरुस्त करायला घेतले असते तर मी आणखी वर्षभर तसाच झेल देत राहिलो असतो. पण ते खालच्या ओळीत रिकामं घर दिसलं की पेन्सिल वर न्यायचे. दोष दिसतो शेवटच्या ओळीत आणि असतो पहिल्या तीनांत, हे त्यांच्या इतक्या अनुभवाचं होतं की त्यांनी कागदच त्या क्रमाने आखला होता.

त्या शनिवारी त्यांनी माझ्या बॅटच्या दांड्यावरच्या रबराला खडूने एक उभी रेषा मारली आणि मला हात त्या रेषेवर ठेवायला सांगितले. चेंडूशिवाय दहा वेळा बॅट फिरवली, हात रेषेवरच. समोर चेंडू टपकवला, हात रेषेवरच. मग दहा पावलांवरून त्यांनी चेंडू टाकायला सुरुवात केली. दहा झाल्यावर म्हणाले, "हात सोडू नकोस. खाली बघ." डावा हात जागेवर होता. उजव्या हाताचा व्ही रेषेवरून घसरून दांड्याच्या मागे गेला होता आणि खडू तळव्याला लागला होता. मुठीत काठी धरावी तशी मी बॅट धरली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

"का घसरतो?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी मला एकट्या डाव्या हाताने बॅट खांद्यापर्यंत उचलून धरायला लावली आणि पाच आकडे मोजायला सांगितले. तिसऱ्या आकड्याला बॅट थरथरायला लागली. मग पायाशेजारी बॅट उभी धरायला सांगितली. दांड्याचं टोक मांडी संपते तिथे, कमरेच्या थोडं खाली यायला हवं. माझं टोक कमरेच्याही वर होतं. मी दहावीतल्या मुलांची पूर्ण मापाची बॅट वापरत होतो, कारण तीच सगळ्यात चांगली दिसायची आणि चेंडू लागला की आवाज मोठा यायचा.

मग सरांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवून वरून खाली सगळी साखळी सांगितली. बॅट जड, म्हणून डाव्या हाताला पेलत नाही. डाव्याला पेलत नाही म्हणून उजवा हात मूठ आवळतो. उजवा हात आवळला की उजवा खांदा पुढे येतो आणि छाती गोलंदाजाकडे उघडते. छाती उघडली की डावा पाय चेंडूच्या रेषेत जाऊच शकत नाही, तो आखूड आणि लेगच्या बाजूला पडतो. चेंडूपर्यंत पाय पोचला नाही की हात एकटे पुढे जातात, उजवा हात बॅट वळवतो, आणि चेंडू हवेत मिडविकेटकडे. "पाय शेवटचा आहे," ते म्हणाले. "त्याला ओरडून काय उपयोग?"

सहा नंबरची बॅट मिळाली ती एका वर्गमित्राच्या भावाची. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिले पंधरा दिवस खेळ बिघडेल, आणि तसाच बिघडला. उजवा हात हलका ठेवला की चेंडूला जोरच लागेना. कागदावरचे दोन पूर्ण गोल खोडून अर्धे झाले. आज मुलांना शिकवताना मला कळतं की हे आधी सांगणं किती मोलाचं होतं. पकड बदलली की ती मनात जागा अडवते आणि जमलेल्या गोष्टीही काही दिवस सुटतात. हे माहीत नसलेला मुलगा आठव्या दिवशी गुपचूप जुन्या पकडीवर जातो.

रोज सुरुवात एकट्या डाव्या हाताने ड्राइव्ह मारण्याने व्हायची. बॅटचा दांडा मधोमध धरून, समोर टपकवलेल्या चेंडूला, वीस वेळा. नंतर उजवा हात लावायचा, पण फक्त अंगठा आणि दोन बोटं.

सरांची सांगण्याची पद्धतही मी तिथेच पाहिली. गोलंदाज धावायला लागला की ते एक अक्षर बोलायचे नाहीत. सहा चेंडू झाले की एकच गोष्ट सांगायचे, आणि त्याआधी विचारायचे, "बॅटला कुठे लागला?" कडेला, खाली, मधोमध, जे वाटलं ते मी सांगायचं. मग ते त्यांना दिसलेलं सांगायचे. "चुकलं" हा शब्द नसायचा. "मागची टाच उचलली नाही," "डोकं यष्टीबाहेर झुकलं," असं दिसलेलं तेवढं. टाच उचलली नाही हे ऐकल्यावर पुढच्या चेंडूला काय करायचं हे कळतं. चुकलं हे ऐकल्यावर कळत नाही.

पायांच्या ओळी तपासायला त्यांनी क्रीजपुढे बारीक चाळलेली माती पसरली. आधी डोकं आणि डावा खांदा चेंडूकडे, मागून पाय, गुडघा वाकलेला, उजवी टाच वर. चेंडूचा टप्पा आणि बुटाचा ठसा, दोन्ही मातीत उमटायचे. पहिल्या दिवशी दहापैकी तीनच ठसे टप्प्याच्या जवळ होते, बाकीचे वीतभर लेगला. तीन आठवड्यांनी आठ ठसे जागेवर होते. त्या तीन आठवड्यांत "पाय पुढे" हे शब्द सरांनी एकदाही उच्चारले नाहीत.

आमच्याकडे एक मुलगा होता, त्याचा उजवा पाय क्रीजमध्ये वाकडा पडायचा, आणि सरांनी त्याच्या कागदावर त्या ओळीवर काट मारली होती. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी विजय हजाऱ्यांचं नाव घेतलं. हजारे आमच्या सांगलीचे. जतला त्यांना ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन मिळालं. त्यांचा उभं राहण्याचा पवित्रा चारचौघांसारखा नव्हता, तरी १९४८ साली ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५. सर म्हणायचे, चेंडू मधोमध लागतोय, तोल जात नाहीये, तर वेगळेपणाला हात लावू नका. माझी पकड बदलली ती वेगळी होती म्हणून नव्हे, ती मला झेलबाद करत होती म्हणून.

पुढच्या सामन्यात मी तेवीस धावा केल्या आणि पायचीत झालो. सोमवारी सरांनी कागद काढला. पायांच्या ओळींना तिसऱ्या घरात पूर्ण गोल होते, चौथं घर मात्र अजून अर्धंच होतं. मला वाटलं आता पुन्हा माती पसरायची. सर म्हणाले, "नाही. हाताने टाकलेल्याला पाय बरोबर जातो, म्हणजे पायाला येतं. गोलंदाजापुढे जात नाही, म्हणजे टप्पा उशिरा कळतो. हे या कागदावर नाही." त्या आठवडाभर मी बॅट न घेता पंचाच्या जागी उभा राहिलो. चेंडू हातातून सुटला की "पुढे" किंवा "मागे" ओरडायचं, एवढंच काम. चेंडू जमिनीला लागायच्या आत ओरडलो तरच धरायचं.

गेली अकरा वर्षं मी रविवारी सकाळी मुलामुलींना शिकवतो. पुठ्ठा तसाच आहे, ओळी नऊच. गेल्या महिन्यात एक आई सांगायला आली की मुलीचा पाय हलतच नाही, जरा रागवा तिला. मी मुलीला बॅट पायाशेजारी उभी धरायला सांगितली.