आमची वाटचाल : नर्मदा उजव्या हाताला ठेवून

रामबागेतल्या एका हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून आम्ही परिक्रमेची फिल्म दाखवत होतो. समोर एकाच बसने परिक्रमा करून आलेली चाळीसेक माणसं, बहुतेक आपली मराठी, साठीच्या पुढची. फिल्म सुरू झाली, नकाशा आला, ओंकारेश्वरच्या ठिपक्यातून केशरी रेष निघाली आणि पश्चिमेकडे धावू लागली. दुसऱ्या रांगेतल्या एक काकू उठून उभ्या राहिल्या. "अहो, थांबवा जरा. ही महेश्वरला कशी गेली?"

आम्ही फिल्म थांबवली. रेष खरोखर महेश्वरवरून गेली होती. महेश्वर उत्तर तटावर आहे. परिक्रमेत नर्मदामैया कायम उजव्या हाताला असते, तिला ओलांडायचं नसतं. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्रापर्यंत, तिथून उत्तर तटाने अमरकंटकपर्यंत आणि मग पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरला, असा तो क्रम. महेश्वर येतं ते समुद्र झाल्यावर. आमच्या रेषेने पहिल्याच दिवशी नदी दोनदा ओलांडली होती. हॉलमध्ये कोणी रागावलं नाही, पण काकू खाली बसताना एवढंच म्हणाल्या, "आमची परिक्रमा खंडित दाखवलीत हो." ते वाक्य घेऊन मी घरी आलो.

त्याआधीची बारा वर्षं आमचं काम म्हणजे लग्नाचं मिक्सिंग. दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एडियस, आणि सीझनमध्ये रात्र रात्र जागरण. सहलीच्या फिल्म ओघानेच आल्या. ज्यांच्या मुलीचं लग्न शूट केलं, तेच निवृत्त झाल्यावर परिक्रमेला निघाले आणि मोबाइलवर घेतलेलं सगळं चित्रण पेन ड्राइव्हमध्ये आणून देऊ लागले. दोन-अडीच आठवड्यांचा प्रवास, नऊ-दहा मोबाइलवरची क्लिप, कोणती कुठली ते कोणालाच आठवत नाही. अशा फिल्मला नकाशाच बांधून ठेवतो. एक रेष पुढे सरकली की बघणाऱ्याला कळतं, आता आपण प्रकाशाला, आता भरूचला.

काकूंनी दाखवलेली चूक झाली कशी, ते दुसऱ्या दिवशी टाइमलाइन उघडल्यावर दिसलं. आफ्टर इफेक्ट्समध्ये नकाशावर पेन टूलने वाट काढायची, तिला `Trim Paths` लावायचं आणि त्यातला `End` शून्यावरून शंभरवर न्यायचा, की रेष आपोआप काढली जाताना दिसते. तंत्र एवढंच. पण आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने ओंकारेश्वर ते बडवानी एवढ्या पट्ट्यात फक्त तीन बिंदू टाकले होते आणि मधली वळणं हँडल ओढून गोल केली होती. दिसायला सुरेख, पण तो गोलावा वर फुगला आणि नदीच्या पलीकडे गेला. आता आमच्याकडे पद्धत अशी, की आधी नदीची रेष स्वतंत्र लेयरवर निळ्या रंगात काढायची, तिला कुलूप लावायचं आणि मगच रस्ता काढायचा. जिथे रस्ता नदीजवळून जातो तिथे बिंदू दाट, जिथे शहादा-प्रकाशाकडे नदीपासून लांब जातो तिथे विरळ.

एवढं करूनही पुढच्या फिल्ममध्ये रेष पुन्हा नदीवर चढलेली दिसली. या वेळी बिंदू अगदी बरोबर होते. दोष निघाला रेषेच्या जाडीत. समुद्रापासून अमरकंटकपर्यंतचा पट्टा पूर्व-पश्चिम सुमारे ९०० किलोमीटरचा. तो आम्ही पडद्यावर १८०० पिक्सेलमध्ये बसवला होता, म्हणजे एका पिक्सेलमागे अर्धा किलोमीटर. प्रोजेक्टरवर मागच्या रांगेतून दिसावी म्हणून रेष ८ पिक्सेल जाड. म्हणजे आमची रेष जमिनीवर चार किलोमीटर रुंद झाली! नदीपासून किलोमीटरभर अंतरावरून जाणारा रस्ता अगदी अचूक काढला, तरी रेषेचा पाव भाग पाण्यात पडणारच.

यावर उपाय म्हणजे रेष मुद्दाम बाजूला सरकवायची. छापील नकाशे करणारेही नदी, रस्ता आणि रेल्वे शेजारी शेजारी आले की त्यांना थोडं दूर करून दाखवतात. आम्ही संपूर्ण नकाशात रेषेचा मध्य नदीपासून किमान १२ पिक्सेल लांब ठेवतो, म्हणजे रेषेची कड आणि पाणी यांच्यात जमिनीची पट्टी स्पष्ट दिसते. आणि जिथे खरा रस्ता दाखवायचा, तिथे नकाशा जवळ आणतो. त्यासाठी मूळ नकाशा पडद्याच्या चौपट रुंदीचा, ७६८० पिक्सेलचा करावा लागतो, नाहीतर जवळ आणल्यावर फुटतो. रेषेचा लेयर नकाशाच्या लेयरला पेरेंट केलेला असला पाहिजे, नाहीतर नकाशा सरकतो आणि रेष जागेवरच राहते. पेरेंट केल्यावर मात्र नकाशा चौपट झाला की रेषही चौपट जाड होते, म्हणून तिची जाडी त्याच प्रमाणात कमी करत न्यावी लागते. हे विसरलं की बडवानीचा राजघाट केशरी पट्ट्याखाली गायब होतो.

नकाशाबद्दल एक सांगून ठेवतो. सुरुवातीला आम्ही मोबाइलवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट घ्यायचो. ते चूक होतं, कारण तो नकाशा आपला नसतो. आता ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावर आमचा साधा नकाशा करतो आणि फिल्मच्या शेवटी © OpenStreetMap contributors ही ओळ टाकतो.

पुढचा प्रश्न नकाशामागच्या चित्रणाचा. पूर्ण पडदाभर नकाशा आला की लोकांचे चेहरे जातात आणि फिल्म तर चेहऱ्यांसाठीच असते. म्हणून आम्ही खिडकीतून घेतलेली क्लिप मागे ठेवून ती अंधारी करतो आणि तिच्यावर नकाशा. उन्हातल्या शेतांवर केशरी रेष विरून जाते, म्हणून तिच्याखाली तीच रेष गडद रंगात, जरा जाड. इथपर्यंत सोपं होतं. पण काही ठिकाणी बघताना अस्वस्थ वाटायचं, आणि कारण सापडायला आम्हाला दोन फिल्म लागल्या.

बस पश्चिमेला चालली आहे. नकाशावर रेष डावीकडे जाते. उजव्या खिडकीतून उत्तरेकडे पाहिलं तर आपणही डावीकडेच सरकतो, झाडं उजवीकडे मागे पडतात. रेष आणि चित्र एका दिशेने. पण डाव्या खिडकीतून घेतलेली क्लिप लावली की बस उजवीकडे पळते आणि रेष डावीकडे. डोळ्याला ते खुपतं. उत्तर तटावर बस पूर्वेला निघाली की सगळं उलटतं : रेष उजवीकडे जाते आणि तिच्याशी जुळणारी खिडकी डावी. थोडक्यात, दोन्ही तटांवर उत्तरेकडे बघणारी खिडकी धरायची. अडचण एकच. उत्तर तटावर मैया दक्षिणेला, म्हणजे उजव्या खिडकीत असते आणि लोकांनी साहजिकच तिचंच चित्रण केलेलं असतं.

आमच्या एका मुलाने यावर युक्ती काढली. क्लिप आडवी उलटवली, आरशासारखी. दिशा जुळली. फिल्म द्यायच्या आदल्या रात्री मी बघायला बसलो. नेमावरनंतरच्या भागात ड्रायव्हर डावीकडे बसलेला, रस्त्यावरच्या पाटीची अक्षरं उलटी आणि नर्मदा डाव्या हाताला. बाहेरच्या माणसाला कदाचित फक्त पाटी दिसली असती. परिक्रमावासीला आधी नदी दिसते. मी त्या रात्री प्रत्येक क्लिप तपासली. तेव्हापासून या कामात चित्र उलटवणं बंद. उत्तर तटावर मैयाची क्लिप पूर्ण पडद्यावर, नकाशाविना, तिच्या आवाजासकट दाखवतो. रेष चालवायची असेल तर ड्रायव्हरमागून समोरच्या काचेतून घेतलेली क्लिप घेतो, तिला डावं-उजवं नसतं.

रेषेच्या टोकाला छोटी बस असते. पूर्वी तिला वेगळ्या की-फ्रेम द्यायचो आणि कुठेतरी बस पुढे, रेष मागे व्हायची. आता बसच्या `Position` वर एक छोटं एक्सप्रेशन टाकतो. रेषेच्या लेयरचं नाव Route ठेवलं असेल तर :

```
L = thisComp.layer("Route");
s = L.content("Shape 1");
e = s.content("Trim Paths 1").end / 100;
L.toComp(s.content("Path 1").path.pointOnPath(e));
```

रेष जिथे थांबते तिथेच बस थांबते. मुक्कामाच्या गावी `End` दीड-दोन सेकंद स्थिर ठेवायचा, गावाचं नाव येऊ द्यायचं आणि मग पुढे. `Trim Paths` मात्र Shape 1 च्या आत जोडलेलं हवं. बाहेर जोडलं गेलं तर एक्सप्रेशन त्याला शोधू शकत नाही आणि लगेच एरर देतं.

या बसनेच मला पुन्हा काकूंकडे नेलं. हॉलमधल्या त्या संध्याकाळनंतर मी प्रत्येक नकाशा आधी ए-थ्री कागदावर छापतो आणि परिक्रमा केलेल्या कुणाला तरी दाखवतो. काकू सुदामानगरला राहतात. टेबलावर कागद पसरला, त्यांनी चष्मा लावला, देव्हाऱ्याकडे बघून "नर्मदे हर" म्हटलं आणि ओंकारेश्वरपासून बोट ठेवून निघाल्या. बडवानी, खेतिया, शहादा, प्रकाशा, अंकलेश्वर. प्रत्येक गावाशी बोट थांबायचं आणि तिथल्या मुक्कामाची एखादी आठवण निघायची. कठपोरला, समुद्राच्या तोंडाशी, बोट थांबलं ते हललंच नाही.

"इथून बस का दाखवलीत?" त्यांनी विचारलं. "आम्ही पहाटे नावेत बसलो. भरतीची वाट पाहिली. समुद्रातून पलीकडे मीठी तलाईला उतरलो. बस तर रिकामी पुलावरून फिरून आली. पूल ओलांडून तिनं नदी पार केली, आम्ही नाही."

मी तोवर ही रेष बसची समजत होतो. ती बसमधल्या माणसांची होती. परत येऊन आम्ही कठपोरला रेष तोडली. तिथे बसचं चित्र थांबतं आणि विरतं. पुढचा तुकडा वेगळ्या लेयरवर, तुटक रेषेचा, नदीच्या मुखाबाहेर समुद्रातून वळण घेत मीठी तलाईपर्यंत, टोकाला छोटी नाव, आणि मागे नावेत बसलेल्या बायकांची काकूंच्याच मोबाइलवरची क्लिप. लाटांमुळे ती हलते. ती स्थिर करायला मुलगा निघाला होता, मी नको म्हटलं. मीठी तलाईला बस पुन्हा उमटते आणि रेष सलग होते.

नवी फिल्म काकूंच्या घरीच टीव्हीवर लावली. महेश्वर आलं, उत्तर तटावर, आपल्या जागी. काकूंनी रिमोट हातात धरला होता, पण थांबवलं कुठेच नाही.