केंद्र कुठे गेलं?

"घरी नीट करून बघ."

असं म्हणाले मी. सगळ्या वर्गासमोर. ती उभी राहिली होती, रफ वही छातीशी धरून, आणि म्हणाली होती, "मॅडम, 2i टाकून बघितलं तर बसत नाहीये. माझंच कुठेतरी चुकलं असेल." तास संपायला दोन मिनिटं होती. मी हातावरचा खडू झटकला आणि ते वाक्य टाकलं. ती बसली.

आता रात्रीचे साडेदहा झालेत आणि घरी नीट करून बघतेय ती मी. दादाचा फोन येऊन गेला, पुन्हा तेच, घराचं. उद्या बोलू म्हटलं.

गणित साधंच होतं. w = (z+1)/(z−i). मोबियसचं रूपांतर, आमच्या जुन्या पुस्तकांत ज्याला बायलिनियर म्हणतात ते: वर z ची एक साधी राशी, खाली एक साधी राशी, आणि भागाकार. यात वर्तुळाचं वर्तुळच होतं. छेद शून्य करणारा बिंदू नेमका वर्तुळावर असेल तर मात्र सरळ रेषा होते. |z| = 2 हे वर्तुळ दिलंय, केंद्र 0, त्रिज्या २. त्याचं कुठलं वर्तुळ होतं, एवढाच प्रश्न.

मी काय केलं? व्यासाची दोन टोकं घेतली, 2 आणि −2.

2 चं होतं 3/(2−i), म्हणजे 6/5 + 3i/5.
−2 चं होतं 2/5 − i/5.

दोन्हींचा मध्य 4/5 + i/5, म्हणून ते नवं केंद्र. अंतराचं निम्मं 2√2/5, म्हणून ती त्रिज्या. उत्तराला चौकट केली. चौकटीखाली दोन रेघासुद्धा मारल्या.

तिनं 2i टाकलं. (2i+1)/i, म्हणजे 2 − i. माझ्या त्या चौकटीतल्या केंद्रापासून याचं अंतर काढलं तर येतं 6√2/5. माझ्या त्रिज्येच्या बरोबर तिप्पट! जवळपास नाही, थोडं इकडेतिकडे नाही, तिप्पट. असा बिंदू हातात घेऊन ती मुलगी उभी होती आणि वर "माझंच चुकलं असेल" म्हणत होती. मी तिला हो म्हटलं. शब्दांत नाही, पण हो म्हटलंच.

धाकट्याची कंपासपेटी घेतली आणि आलेखाच्या कागदावर काढून बघितलं. एक एकक म्हणजे तीन सेंटिमीटर धरलं, म्हणजे तृतीयांशांचा त्रास नाही. जुन्या वर्तुळावरच्या 2, −2, 2i, −2i या चार बिंदूंच्या प्रतिमा मांडल्या. माझं वर्तुळ पावणेदोन सेंटिमीटरपेक्षा जरा कमी त्रिज्येचं, दोन बिंदूंतून छान जाणारं. बाकीचे दोन त्यावर नाहीतच, −2i चा आत आणि 2i चा बाहेर. 2i चा तर पार खाली उजवीकडे, वर्तुळाला पाठ करून. शाळेतल्या पोरालाही दिसेल. मग 2i आणि −2i या जोडीच्या प्रतिमांचा, म्हणजे 2 − i आणि 2/3 + i/3 यांचा मध्य घेतला: 4/3 − i/3. कागदावर चार सेंटिमीटर उजवीकडे, एक खाली. तिथे टोक रोवून २.८ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त उघडलेला कंपास फिरवला, तर पेन्सिल चारही बिंदूंवरून गेली. एकेका बिंदूला ती टेकत गेली तशी माझ्या पोटात काहीतरी खाली खाली जात होतं.

म्हणजे व्यासाची टोकं व्यासाचीच टोकं राहतात हे खोटं. एखाद्याच व्यासाची राहतात. का, तेही कळलं, आणि कळल्यावर जास्तच वाईट वाटलं. छेद शून्य होतो i पाशी. तो बिंदू अनंताला जातो. त्यातून जाणाऱ्या रेषेची रेषाच राहते, बाकी कुठल्याही रेषेचं वर्तुळ होतं. 2i आणि −2i यांना जोडणारी रेषा i मधून जाते, शिवाय ती जुन्या वर्तुळाला काटकोनात छेदते. हे रूपांतर कोन मोडत नाही. म्हणून तिची प्रतिमाही एक रेषा आणि तीही नव्या वर्तुळाला काटकोनात छेदणारी. वर्तुळाला काटकोनात छेदणारी रेषा म्हणजे व्यासाचीच रेषा. 2 आणि −2 यांची रेषा मात्र i ला टाळून जाते. ती वाकते, तिचं वर्तुळ होतं, आणि मी त्या वर्तुळावरच्या दोन बिंदूंना व्यासाची टोकं म्हणून बसले.

आज एकदा चुकलं असतं तर झोप लागली असती. पण मी दरवर्षी सोडवून देते ते गणित आठवलं: w = 1/z आणि |z−2| = 1. टोकं 1 आणि 3, त्यांची 1 आणि 1/3, केंद्र 2/3, त्रिज्या 1/3. उत्तर बरोबर. दरवर्षी बरोबर. का बरोबर? कारण छेद शून्य होतो 0 पाशी, आणि 0 त्याच वास्तव अक्षावर आहे. नशीब! त्याच वर्तुळावरचे 2+i आणि 2−i घेतले असते तर केंद्र 2/5 आणि त्रिज्या 1/5 आली असती, आणि त्या वर्तुळावर 1 चा पत्ताच लागला नसता. मी कधी घेतलेच नाहीत. बावीस वर्षं चुकीच्या कारणानं बरोबर उत्तर देत आले, आणि त्या भरवशावर कुणाला तरी म्हणाले, घरी नीट करून बघ. किती जणांना म्हणाले असेन? बाकीचे बहुधा घरी जाऊन गप्प बसले.

आज आईची फार आठवण येतेय. असो.

चहा केला. साखर विसरले, तसाच प्यायले.

मग वाटलं, रडून झालं असेल तर निदान पूर्ण तरी करावं. नवं केंद्र 4/3 − i/3 हे मुळात कोण होतं? कुठला z तिथे जातो? समीकरण सोडवलं तर z = 4i. हा तर जुन्या वर्तुळाच्या बाहेर, वरच्या बाजूला. आणि 4i म्हणजे दुसरं कोण? i चाच वर्तुळातला आरसा. वर्तुळाच्या केंद्रापासून i चं अंतर १, 4i चं ४, गुणाकार ४, त्रिज्येचा वर्ग. आरशातली जोडी रूपांतरानंतरही जोडीच राहते. i अनंताला गेला, तर त्याच्या जोडीदारानं जायचं कुठे? वर्तुळातल्या आरशात अनंताची जोडी केंद्राशी, म्हणून केंद्रात. एवढंच आहे सगळं. छेदातला बिंदू बघायचा, वर्तुळात त्याचा आरसा घ्यायचा, त्याची प्रतिमा काढायची. टोकं-बिकं काही लागत नाहीत.

तरी मला स्वतःवर विश्वास उरला नव्हता म्हणून सरळ वजाबाकी केली. w मधून 4/3 − i/3 वजा केले आणि लांबी काढली:

|w − (4/3 − i/3)| = (√2/3) · |z−4i| / |z−i|

आता |z| = 2 वरचा कुठलाही बिंदू घ्या, 4i पासूनचं त्याचं अंतर i पासूनच्या अंतराच्या दुप्पट असतं. 2i ला २ आणि १. −2i ला ६ आणि ३. 2 ला √20 आणि √5. अपोलोनियसची जुनी गोष्ट: दोन बिंदूंपासूनच्या अंतरांचं १ सोडून कुठलंही गुणोत्तर कायम ठेवत फिरलात तर वर्तुळावरच फिरता. म्हणून उजवी बाजू कायम 2√2/3. केंद्र मिळालं, त्रिज्या मिळाली, आणि प्रतिमा वर्तुळच का, हेही त्याच ओळीत. तो अपवादही इथे दिसतो. वर्तुळ |z| = 1 असतं तर i त्याच्यावरच पडला असता, त्याचा आरसाही तोच, मग 4i सारखा वेगळा जोडीदार नाही आणि केंद्रही नाही. 1 चं 1+i, −1 चं 0, −i चं 1/2 + i/2: तिन्ही एका सरळ रेषेत.

आणि जुन्या केंद्राचं काय झालं? 0 चं होतं 1/(−i), म्हणजे i. कागदावर शून्याच्या बरोबर वर तीन सेंटिमीटर. नव्या केंद्रापासून अंतर मोजलं तर त्रिज्येच्या दुप्पट. बिचारं नव्या वर्तुळाच्या बाहेरच पडलं! i वर्तुळाच्या आत होता, तो अनंताला गेला, म्हणून आतलं सगळं बाहेर गेलं आणि बाहेरचं आत आलं. केंद्र केंद्रावरच राहील अशी हमी फक्त छेदात z नसताना, म्हणजे नुसतं सरकवणं, फिरवणं, लहान-मोठं करणं असेल तेव्हा. छेदात z आला की अगदी मधोमध बसलेल्यानंही जागा धरून ठेवू नये.

हे लिहिताना मला जरा हसू आलं. फळ्यासमोर मधोमध उभी असते ना मी.

आता खरी अडचण. पुढच्या तासाला तिथूनच सुरू करायचं म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात मी ठळक अक्षरांत 'पुसू नये' लिहून आलेय. आमचे शिपाईमामा ते फार मनावर घेतात. म्हणजे चौकटीतलं ते केंद्र, दोन रेघांसकट, रात्रभर तिथेच आहे, आणि सकाळी सात वाजता त्या खोलीत रसायनशास्त्रवाल्यांचा तास असतो. पावणेसातला पोचले तर पुसता येईल.

नको पुसायला. तिला बोलवीन आणि म्हणेन, कालचं 2i तूच मांड. शेजारी बरोबर वर्तुळ काढू. दोन वर्तुळं एकमेकांत अडकणार, तर दुसरं वेगळ्या रंगात हवं. रंगीत खडू विभागात दिवाळीपासून नाहीत. धाकट्याच्या डब्यात एक हिरवा आहे, अर्धा. तो आत्ताच पर्समध्ये टाकते.